कंबर आत घेतली की मागची चौकट वाकते: लिक्विफायमधली नेहमीची अडचण

लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी ऐकावी लागते. नवरीकडून निरोप येतो, "दादा, या फोटोत कंबर जरा आत घ्या ना, फार नको." फोटोशॉपमधलं लिक्विफाय उघडून ब्रशचे दोन-चार फटकारे मारले की कंबर आत जाते, निरोप देणारी खूश होते. मग अल्बम छापून आल्यावर घरातलाच कुणीतरी, बहुधा फोटोशॉपशी काडीचा संबंध नसलेला एखादा काका, पानावर बोट ठेवून विचारतो, "हे दार असं पोटाकडे का वाकलंय?"

काकांना कंबर दिसत नाही, दार दिसतं. माणसाची कंबर किती असावी याचं मोजमाप कुणाच्याच डोक्यात नसतं, पण दाराची चौकट सरळ असते हे सगळ्यांनाच माहीत असतं. ४००० × ६००० पिक्सेलचा उभा फोटो १२ × १८ इंचाच्या पानावर छापला, तर एका इंचात साधारण ३३३ पिक्सेल बसतात. म्हणजे १२ पिक्सेलचा बाक कागदावर एक मिलिमीटरही भरत नाही. तरीही तो खुपतो, कारण सरळ रेघेतला बाक डोळा लगेच पकडतो.

ब्रश लहान करून पाहा, मोठा करून पाहा, दाब कमी करा, असे सल्ले सगळीकडे मिळतात. त्यांनी कधी जमतं, कधी जमत नाही, म्हणून अडचण पुन्हापुन्हा येते. आधी ती नेमकी कुठून येते ते पाहू.

वाकतं का?

लिक्विफायला माणूस आणि भिंत यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी अख्खा लेअर म्हणजे रबरी कापडावर छापलेलं एकच चित्र. कंबरेची कड तुम्ही १२ पिक्सेल आत ढकललीत, की ब्रशच्या वर्तुळात येणारं सगळंच कमी-जास्त प्रमाणात तिच्याबरोबर सरकतं. कडेच्या आतलं कापड, म्हणजे साडी आणि अंग, दाबलं जातं. कडेच्या बाहेरचं, म्हणजे भिंत, ताणली जाते.

कंबर आत गेल्यावर तिथे १२ पिक्सेलांची पट्टी उघडी पडते. त्या पट्टीमागची भिंत कॅमेऱ्याने कधी टिपलेलीच नाही, कारण तेव्हा तिच्यापुढे माणूस उभा होता. ती भिंत कुठून तरी आणावीच लागणार. लिक्विफाय ती शेजारच्या भिंतीला ताणून आणतं. तेव्हा प्रश्न ब्रशच्या आकाराचा नाही. उघडी पडलेली पट्टी कशाने भरायची, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची आहे, आणि ती फार थोडे लोक लक्षात घेतात. सगळ्या रेघा सारख्या वाकत नाहीत. ज्या दिशेला तुम्ही ढकलता, त्याच दिशेत धावणारी रेघ सरळच राहते. आडवी रेघ आडवी सरकवली तर ती स्वतःवरूनच सरकते, दिसायला काहीच बदलत नाही. उभी रेघ आडवी सरकवली तर पूर्ण सरकण दिसते. तिरकी रेघ यांच्या मधे कुठेतरी. हिशोब सोपा आहे:

```
रेघेतला बाक = सरकवलेले पिक्सेल × sin(रेघ आणि ढकलण्याची दिशा यांतला कोन)
```

१२ पिक्सेल आडवं ढकललं, तर आडव्या रेघेत बाक शून्य, ३० अंश तिरकी असलेल्या रेघेत ६ पिक्सेल आणि उभ्या चौकटीत पूर्ण १२. हा जास्तीत जास्त बाक, अगदी अंगाला लागून. अंगापासून लांब जावं तसा तो ब्रशच्या कडेपर्यंत विरत जातो.

म्हणजे फोटो उघडल्यावर पहिलं काम ब्रश उचलण्याचं नाही. कंबरेच्या दोन्ही बाजूंना कोणत्या रेघा आहेत, कोणत्या दिशेच्या आहेत आणि अंगापासून किती अंतरावर आहेत, ते आधी पाहायचं. पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

एक फोटो घेऊन पाहू

मंगल कार्यालयाच्या लॉबीतला फोटो समजा. नवरी पैठणी नेसून उभी आहे, कमरेला कमरपट्टा, फोटोत उजवीकडे दिसणारा हात कमरेवर टेकवलेला. मागे टाइल लावलेली भिंत, म्हणजे उभ्या-आडव्या सांध्यांची जाळी. डावीकडे कंबरेपासून ६० पिक्सेलांवर दाराची उभी लाकडी चौकट. अंगामागून जाणारा जिन्याचा स्टीलचा कठडा, ३० अंशात उजवीकडे वर चढणारा, आणि उजवीकडे तो नेमका हात आणि कंबर यांच्यामधल्या त्रिकोणी फटीतून दिसतो. फोटो ४००० × ६००० पिक्सेलचा, कंबर ६४० पिक्सेल रुंद.

दोन्ही बाजूंनी १२-१२ पिक्सेल, म्हणजे एकूण २४ पिक्सेल आत घ्यायचे. हे चार टक्क्यांपेक्षा जरा कमीच भरतं. "जरा" या शब्दाचा अर्थ मी एवढाच धरतो. पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की कंबर आणि खांदे यांचं नातं बिघडतं, मग हात जाड वाटायला लागतात, मग हात बारीक करावे लागतात, आणि शेवटी फोटोत नवरीची बहीण उभी असल्यासारखं दिसतं.

या एका फोटोत तिन्ही प्रकारच्या रेघा आहेत. आडवे सांधे त्रास देणार नाहीत, फक्त ढकलताना तुमचा हात सरळ हवा. चौकट पूर्ण बाक दाखवणार. कठड्याची गोष्ट वेगळीच आहे. तो अंगामागून जातो आणि दोन्हीकडे डोकावतो. डावी कड उजवीकडे ढकलली आणि उजवी कड डावीकडे, की कठड्याचे दोन तुकडे एकमेकांच्या रेषेत राहत नाहीत. एक तुकडा ६ पिक्सेल वर, दुसरा ६ पिक्सेल खाली, असा एकूण १२ पिक्सेलांचा फरक पडतो. प्रत्येक तुकडा वेगवेगळा पाहिला तर बरा वाटतो. दोन्ही एकत्र पाहिले की कठडा मधेच तुटल्यासारखा दिसतो. वाकलेल्या चौकटीपेक्षा हा दोष उशिरा सापडतो, कारण आपण काम करताना एका वेळी एकाच बाजूला झूम केलेलं असतं.

लिक्विफायच्या आधी

लेन्सचा बाक आधी काढून घ्या. रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत कडेच्या उभ्या रेघा मुळातच बाहेरच्या बाजूला फुगलेल्या असतात. कॅमेरा रॉमध्ये लेन्स प्रोफाइल लावून आणि फोटो तिरका असेल तर सरळ करून मगच पुढे जा. नाहीतर नंतर चौकट वाकडी दिसली की ती लेन्सने वाकवली की तुम्ही, हे कळायला मार्ग उरत नाही.

जेव्हा साधा रस्ता पुरतो

मागे नुसती भिंत असेल, पार्श्वभूमी धूसर असेल किंवा फक्त आडव्या रेघा असतील (दुकानाचं शटर हे उत्तम उदाहरण), तर थेट लिक्विफाय चालतं. लेअरवर `Filter > Convert for Smart Filters` करा, म्हणजे नंतर पुन्हा उघडून सुधारता येतं. मग `Filter > Liquify`, किंवा `Shift+Ctrl+X`.

इथे बहुतेक जण `Forward Warp` घेऊन कड आत लोटतात. अडचण अशी की १२ पिक्सेलांचा तो ढकला इतका छोटा असतो की त्याची दिशा हातात राहत नाही. १२ आत जाताना हात ३ पिक्सेल खाली घसरला, तर शटरच्या आडव्या पट्ट्या तिथे ३ पिक्सेलांनी लोंबतात. रेघा आडव्याच होत्या, तरीही वाकल्या, असं म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं.

त्यापेक्षा `Push Left` घ्या. हे टूल तुम्ही ज्या दिशेला ओढता त्याला काटकोनात ढकलतं. वर ओढलं की पिक्सेल डावीकडे जातात, खाली ओढलं की उजवीकडे. म्हणून फोटोत डावीकडच्या कडेवर वरून खाली ओढायचं, उजवीकडच्या कडेवर खालून वर. दोन्ही वेळा कड आत जाते. उलटं झालं तर कंबर फुगते, तेव्हा लगेच कळतंच. ढकलण्याची दिशा आता लांब उभ्या फटकाऱ्यावर ठरते, आणि लांब फटकारा सरळ ठेवणं सोपं असतं. ६०० पिक्सेलांच्या फटकाऱ्यात हात १० पिक्सेल इकडेतिकडे गेला तरी दिशा जेमतेम एका अंशाने चुकते, आणि आडव्या रेघेत त्याचा परिणाम पाव पिक्सेलही होत नाही. तेही नको असेल तर वर एकदा क्लिक करा, खाली येऊन `Shift` धरून क्लिक करा, फटकारा दोन्ही बिंदूंमध्ये सरळ जातो. हे टूल फार जोरात ढकलतं, म्हणून `Pressure` अगदी कमी, १० च्या आसपास ठेवून एकच फटकारा दोनदा मारलेला बरा.

उभी रेघ जवळ असेल तर काय? ब्रशची त्रिज्या त्या रेघेपर्यंत पोहोचत नसेल तर रेघ वाकणारच नाही. पण आपल्या फोटोत चौकट ६० पिक्सेलांवर आहे. तेवढ्या त्रिज्येचा ब्रश घेतला तर बरगडीपासून नितंबापर्यंतची वळणाची रेघ असंख्य लहान फटकाऱ्यांनी बनवावी लागते, आणि कंबर लाटालाटांची होते. मोठा ब्रश रेघा वाकवतो, लहान ब्रश अंग वाकडंतिकडं करतो. या पेचातून ब्रशचा आकार बदलून सुटका होत नाही.

फ्रीझ मास्क कुठपर्यंत नेतो

मग लोक `Freeze Mask` काढतात, `F` दाबून चौकट लाल रंगवतात. चौकट आता हलत नाही हे खरं. पण चौकट आणि कंबर यांच्यामधली ६० पिक्सेलांची भिंत आता ७२ पिक्सेलांची जागा भरते, म्हणजे वीस टक्के ताणली जाते. भिंत सपाट रंगाची असेल तर चालून जातं. आपल्याकडे टाइल आहेत. त्या ६० पिक्सेलांत उभा सांधा आला तर तो वाकणारच, आणि टाइलवरचे बारीक ठिपके लांबट होणार.

आणखी एक सवय सोडायला हवी. काही जण फ्रीझ अगदी अंगाच्या कडेपर्यंत रंगवत आणतात. ढकलायचंय तीच कड अर्धी गोठलेली, अर्धी मोकळी अशी होते, आणि तिथे भिंतीची किंवा साडीच्या काठाची एक बारीक दुबार रेघ उमटते किंवा कड चुरगळल्यासारखी दिसते. फ्रीझ करायचंच असेल तर रेघ झाकून थांबा, रेघ आणि अंग यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा ठेवा.

फ्रीझ हातासाठी मात्र हवंच. कमरेवरचा हात, बोटं, कोपर आधी गोठवून घ्या. नाहीतर कंबरेबरोबर मनगटही बारीक होतं.

स्मार्ट फिल्टरच्या मास्कने का भागत नाही

लिक्विफाय स्मार्ट फिल्टर म्हणून लावलं की त्याला पांढरा मास्क मिळतो. चौकटीवर काळ्या ब्रशने रंगवलं की तिथलं मूळ चित्र परत येतं. हे काम करतं, पण फक्त जुन्या कंबरेच्या बाहेर. मूळ चित्रात कंबर जिथे होती, तिथपर्यंत काळा रंग आला की मूळ चित्रातली जुनी कंबरच परत येते, आणि नव्या कंबरेच्या बाहेर साडीचा एक तुकडा हवेत लटकलेला दिसतो. मास्क मूळ चित्र परत देऊ शकतो, पण मूळ चित्रात नसलेली भिंत देऊ शकत नाही. पुन्हा त्याच १२ पिक्सेलांच्या पट्टीवर आलो.

भिंत वेगळी, माणूस वेगळा

म्हणून ती पट्टी आपणच बनवायची, आणि लिक्विफायच्या हाती फक्त माणूस द्यायचा. ऐकायला मोठं काम वाटतं, पण बनवायची पट्टी अगदी अरुंद असते.

मूळ लेअरच्या `Ctrl+J` ने दोन प्रती करा. सगळ्यात खाली "मूळ", त्याला हात लावायचा नाही. मधे "भिंत". वर "व्यक्ती".

"व्यक्ती" लेअरवर अंग कापायचं आहे, पण अख्खं नाही. केस, बांगड्या, पदराची झालर कापत बसायची गरज नाही. जिथे काही सरकणारच नाही, तिथे कापण्यात अंगाबरोबर थोडी भिंत आली तरी बिघडत नाही, कारण खालच्या लेअरवर तीच भिंत त्याच जागी आहे. नेमकी कड फक्त ब्रश जिथे पोहोचणार तिथे हवी. आपल्या फोटोत ती काखेच्या जरा खालून नितंबाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना, आणि उजवीकडे हाताच्या फटीच्या आतून. पेन टूलने तेवढी कड काढा, कडेच्या एक पिक्सेल आतून. बाकीचा मार्ग अंगाभोवती सैल घ्या. `Ctrl+Enter` ने सिलेक्शन, मग `Select > Modify > Feather` मध्ये ०.५ ते १ पिक्सेल, म्हणजे कापलेली कड फोटोतल्या बाकीच्या कडांइतकीच मऊ राहते. मग लेअर मास्क. हाताच्या फटीतली भिंत मास्कने झाकली गेली आहे ना, हे पाहून घ्या. तीच विसरते.

आता क्रम महत्त्वाचा. मास्क आधी, स्मार्ट ऑब्जेक्ट नंतर. मास्क लावलेला लेअर `Convert to Smart Object` केला की मास्क आत जातो आणि कापलेलं अंग एकसंध वस्तू होतं. उलट केलं, म्हणजे स्मार्ट ऑब्जेक्टवर नंतर मास्क लावला, तर मास्क बाहेरच राहतो. लिक्विफाय अंगाला आत नेतं, मास्क मात्र जुन्या कंबरेच्या आकाराचाच राहतो, आणि दोघांच्या फटीतून वाकलेली भिंत डोकावते. सगळं नीट करूनही भिंत वाकतेच, असं वाटलं तर लेअर पॅनेलकडे पाहा. लेअरला मास्कचं वेगळं चित्र अजून लटकलेलं असेल, तर क्रम चुकला आहे.

पट्टी भरायची कशी

"व्यक्ती" लेअरचा डोळा बंद करा आणि "भिंत" लेअरवर या. जुन्या कंबरेच्या कडेपासून आत ३०-४० पिक्सेल रुंद पट्टी भिंतीने भरायची. लागणार १२ आहेत, बाकीची जागा ढिलाई म्हणून. त्याच्या आत नवरीचं अर्धं अंग तसंच राहिलं तरी चालेल, ते वरच्या लेअरखाली झाकलं जाणार आहे.

भरताना वरचाच नियम उलट्या बाजूने कामी येतो. रेघ ज्या दिशेला धावते त्याच दिशेला तुकडा सरकवला तर रेघ तुटत नाही. टाइलच्या आडव्या सांध्यांसाठी अंगालगतच्या भिंतीचा ५० पिक्सेल रुंद तुकडा सिलेक्ट करून `Ctrl+J` करा आणि `Shift` धरून आडवाच आत सरकवा. सांधे आपोआप जुळतात. अंगाची सावली भिंतीवर पडली असेल तर तीही तुकड्याबरोबर आत येते, हा वरचा फायदा. लांबून स्वच्छ भिंत उचलून आणली तर सावलीच्या जागी उजळ पट्टा दिसतो. तुकड्यात मात्र अंगाच्या कडेचा एकही पिक्सेल नको, म्हणून तो कडेपासून चार-पाच पिक्सेल सोडून घ्या.

कठड्यासाठी तुकडा आडवा सरकवून चालणार नाही. फटीतून दिसणारा कठड्याचा तुकडा कठड्याच्याच दिशेने खाली सरकवा. त्यासाठी आधी एका नव्या लेअरवर `Line` टूलने कठड्याच्या वरच्या कडेवर एक बारीक लाल रेघ ओढून घ्या, डावीकडे जिथे कठडा दिसतो तिथपासून उजवीकडे जिथे दिसतो तिथपर्यंत, अंगावरून सरळ. ही रेघ शेवटपर्यंत ठेवायची. तुकडा तिच्यावर बसला की बरोबर बसला. क्लोन स्टॅम्प वापरणार असाल तर `Alt` क्लिक कठड्याच्या कडेवर आणि पहिला ठिपका लाल रेघेवर, `Aligned` चालू. ब्रश कठड्याच्या जाडीपेक्षा जरा मोठा असला की कडा धुरकट होत नाहीत.

आणि चौकट? तिला काहीच करायचं नाही. ती जुन्या कंबरेच्या बाहेर ६० पिक्सेलांवर आहे, पट्टी आतल्या बाजूला आहे. या रीतीत चौकटीला ब्रश लागतच नाही. एखाद्या फोटोत उभी रेघ अंगाच्या कडेलाच चिकटून मागे जात असेल, तर तिचा तुकडा वरून किंवा खालून, जिथे ती मोकळी दिसते तिथून घ्या आणि उभाच सरकवा.

आता लिक्विफाय

"व्यक्ती" लेअरचा डोळा उघडा, लिक्विफायमध्ये जा. `Show Backdrop` चालू करून मागचे लेअर दिसू द्या, म्हणजे पट्टीच्या बाहेर जात नाही ना ते कळतं. आता भिंतीची भीती नाही, तेव्हा ब्रश मनासारखा मोठा घ्या. बरगडी ते नितंब हे वळण ९०० पिक्सेलांचं असेल तर ६०० च्या आसपासचा ब्रश. हात आणि बोटं फ्रीझ करा. `Push Left`, कमी `Pressure`, डावीकडे खाली, उजवीकडे वर.

मोठ्या ब्रशचा दुसरा फायदा कमरपट्ट्यावर दिसतो. लहान ब्रशने कड ढकलली की सगळा दाब कडेच्या अरुंद पट्ट्यात साठतो, आणि कमरपट्ट्याचे शेवटचे दोन-तीन मणी चपटे होतात, पैठणीचा काठ कडेला गच्च होतो. अंगाबाहेरच्या रेघा वाचवताना या आतल्या रेघांकडे दुर्लक्ष होतं. मोठ्या ब्रशने तेच १२ पिक्सेल रुंद जागेत वाटले जातात आणि नक्षी एकसारखी दिसते. तरीही एखादा मणी खटकला तर `Reconstruct` टूलने हलकेच तेवढाच भाग परत आणा.

हाताच्या फटीतून जाताना कंबर आत गेल्यामुळे फट रुंद झालेली दिसेल. ती तशीच बरी. हात तिच्यामागून आत ओढू नका, खांदा खाली येतो.

कापलेल्या कडेला पांढुरकी किंवा भिंतीच्या रंगाची रेघ राहिली असेल, तर स्मार्ट ऑब्जेक्ट डबल-क्लिकने उघडून आतला मास्क एक पिक्सेल आत घ्या आणि सेव्ह करा. लिक्विफाय आपोआप पुन्हा लागतं, सगळं नव्याने करावं लागत नाही.

तपासणी

डोळ्यावर विसंबू नका, अर्धा तास त्याच फोटोकडे पाहून तो सरावलेला असतो. "मूळ" लेअरची प्रत सगळ्यात वर न्या आणि ब्लेंड मोड `Difference` करा. जिथे काहीच बदललं नाही तिथे काळं दिसेल, जिथे बदललं तिथे उजेड. फरक फिका असतो, म्हणून त्याच्यावर एक `Levels` अ‍ॅडजस्टमेंट लेअर टाकून पांढरा त्रिकोण बराच डावीकडे ओढा. आता फोटोत काय हललंय ते स्पष्ट दिसतं. अंगाच्या आत उजेड हवाच. जुन्या कंबरेच्या कडेला बारीक उजळ पट्टी दिसेल, तीही हवीच, तीच ती १२ पिक्सेलांची भिंत. पण जुन्या कंबरेच्या बाहेर, चौकटीवर किंवा टाइलवर, उजेड दिसला तर काहीतरी निसटलं आहे. बहुधा सैल कापलेल्या भागापर्यंत ब्रश पोहोचलेला असतो. तिथली कड पेनने नीट कापा, किंवा लिक्विफाय पुन्हा उघडून तेवढ्या जागी `Reconstruct` करा.

कठड्यासाठी लाल रेघेचा डोळा उघडा आणि फोटो पूर्ण दिसेल एवढा लहान करा. दोन्ही तुकडे रेघेवर बसले की काम झालं. मग तपासणीचे दोन्ही लेअर आणि लाल रेघ काढून टाका. लाल रेघ छापून गेलेले अल्बमही लोकांनी पाहिलेले आहेत.

वाकून झालेला फोटो हाती आला तर

पुष्कळदा फोटो दुसऱ्याच कुणीतरी केलेला असतो, लेअर नसतात, नुसती जेपीईजी असते. मूळ फाइल मिळत असेल तर अर्धं काम सोपं आहे. वाकलेला फोटो वर, मूळ खाली, दोन्ही अचूक एकावर एक बसवा. वरच्यावर मास्क घालून चौकट आणि टाइल काळ्या ब्रशने पुसा, मूळ सरळ रेघा खालून वर येतात. जुन्या कंबरेच्या चार-पाच पिक्सेल अलीकडे थांबा, त्याच्या आत गेलात की जुनी साडी दिसायला लागते. उरलेली अरुंद पट्टी वर सांगितलेल्या रीतीने तुकडे सरकवून जुळवा. वाकलेल्या फोटोचे रंग नंतर बदललेले असतील तर आधी मूळ फाइलचे रंग त्याच्याशी जुळवून घ्या, नाहीतर पुसलेला भाग ठिगळासारखा दिसतो.

मूळ फाइल नसेलच, तर चौकटीचा जो भाग वर डोक्याजवळ सरळ राहिलाय, तो कापून उभाच खाली सरकवून वाकलेल्या भागावर बसवा. आडव्या सांध्यांना बहुधा काही करावं लागत नाही. वाकलेल्या भागावर उलट दिशेने लिक्विफाय मारून तो सरळ करायचा मोह आवरा, रेघ सरळ होते पण दोनदा ताणलेली भिंत मऊ पडते आणि शेजारच्या कडक टाइलमध्ये उठून दिसते.

मोबाइलच्या अ‍ॅपबद्दल

कंबर बारीक करणारी स्लाइडर असलेली बरीच अ‍ॅप हेच रबरी कापड ओढतात, फक्त ब्रश तुमच्या हातात नसतो. काहींमध्ये रेघ राखून ठेवायची सोय असते, ती फ्रीझ मास्कसारखीच वागते आणि तिच्या मर्यादाही त्याच. मागे आडव्या रेघा किंवा धूसर झाडी असेल तर खुशाल वापरा. चौकट, खांब, पडद्याच्या चुण्या, दाराची ग्रिल असं काही कंबरेजवळ असेल तर तो फोटो कॉम्प्युटरवरच घ्या.

एक फोटो मात्र कुठेच नीट होत नाही. गटाच्या फोटोत कंबरेमागे दुसऱ्याचा हात किंवा शेजारणीच्या साडीचा काठ असतो तेव्हा. तिथे पट्टी भिंतीने नाही, दुसऱ्या माणसाच्या अंगाने भरावी लागते, आणि त्या हाताची बोटं कुणी टिपलेलीच नसतात. अशा वेळी मी कंबरेची फक्त मोकळी बाजू ८-१० पिक्सेल आत घेतो, दुसरी बाजू तशीच ठेवतो, आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगून ठेवतो.